फक्त घुमटाचा माथा दिसतोय? इमारत नेमकी कशी ओळखायची

फोटोच्या कोपऱ्यात घराच्या छपरावरून एखादा घुमट डोकावत असतो. खालची इमारत दिसत नाही, पाटी नाही, रस्ता नाही. प्रश्न एवढाच, की हा घुमट कुठला? नव्यानं हा खेळ खेळणारे बहुतेक जण घुमटाचा आकार बघतात आणि पहिलं आठवलेलं नाव सांगून मोकळे होतात. तिथेच चुकतं. राखाडी, गोलसर आणि वर क्रॉस असलेले घुमट युरोपात ढिगानं आहेत, आणि पांढरा, फुगीर घुमट म्हणजे ताजमहालच असतो असंही नाही.

या लेखात फक्त घुमटांबद्दल सांगितलं आहे. वेशी आणि मनोऱ्यांची टोकं ओळखण्याची पद्धत थोडी वेगळी आहे, ती इथे मिसळत नाही.

काय काय लागेल

- फोटोची मिळेल तेवढी मोठी प्रत. चॅटवरून आलेली, दाबून लहान झालेली प्रत असेल तर मूळ मागवा. खांब मोजायचे असतील तर घुमट किमान दोन-तीनशे पिक्सेल रुंद हवा.
- पिक्सेलमध्ये अंतर मोजता येईल असं कोणतंही साधं चित्र-सॉफ्टवेअर. छापील फोटो असेल तर मोजपट्टी चालेल.
- कॅल्क्युलेटर.
- त्रिमितीय इमारती दाखवणारा ऑनलाइन नकाशा. याची गरज शेवटी पडेल, सुरुवातीला नाही.

फोटो टाकून शोध घेण्याची सोय सगळ्यांकडे असते. ती वापरायला हरकत नाही, पण आधी स्वतः निरीक्षण लिहून काढा. असा शोध आकाराच्या आणि रंगाच्या साधर्म्यावर चालतो, आणि घुमटांच्या बाबतीत नेमकं तेच साधर्म्य फसवं असतं. एकदा नाव डोळ्यांसमोर आलं की मग आपण पुरावे त्या नावाच्या बाजूनं वाकवायला लागतो.

## 1. घुमटाचे चार भाग वेगळे करा

वरून खाली या क्रमानं फोटोत काय काय दिसतं ते लिहा.

कळस म्हणजे सगळ्यात वरचं टोक: क्रॉस, चंद्रकोर, कलश, पुतळा किंवा नुसता गोळा.

लँटर्न म्हणजे घुमटाच्या माथ्यावर बसवलेली खांबांची किंवा खिडक्यांची छोटी मनोरी. युरोपीय घुमटांवर ती बहुतेकदा असते, मुघल घुमटांवर नसते. तिथे त्या जागी उलटं कमळ आणि थेट कळस येतो.

कवच म्हणजे घुमटाचा वळणदार भाग. त्यावर उभ्या फासळ्या आहेत का, छोट्या खिडक्या बाहेर डोकावतात का, तो गुळगुळीत आहे का, एवढं बघा.

मान म्हणजे कवचाच्या खालचा उभा, गोल किंवा अष्टकोनी पट्टा. खिडक्या, खांब, कोनाडे सगळं इथे असतं.

फोटोत यातला एखादा भाग कापला गेला असेल तर तसं लिहा. "लँटर्न नाही" आणि "लँटर्न दिसत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वहीत त्या एक झाल्या की पुढचं सगळं घसरतं.

## 2. कळसावरून यादी लहान करा, पण तिथे थांबू नका

कळस बघून इमारत कसली आहे याचा अंदाज येतो. क्रॉस असेल तर चर्च, चंद्रकोर असेल तर बहुधा मशीद किंवा मकबरा, मानवी आकृती असेल तर पुष्कळदा सरकारी इमारत किंवा स्मारक. अपवाद भरपूर आहेत. पॅरिसचं पँथिऑन कित्येक वर्षांपासून थोरामोठ्यांचं समाधिस्थळ आहे, तरी त्याच्या माथ्यावर क्रॉस आहे, कारण ती वास्तू मुळात चर्च म्हणून बांधली गेली.

पुतळा असला की लोक लगेच वॉशिंग्टनचं कॅपिटॉल म्हणतात. त्याच्या माथ्यावर 1863 साली बसवलेला स्वातंत्र्यदेवतेचा कांस्य पुतळा आहे खरा, पण अमेरिकेतल्या राज्यांच्या विधानभवनांवरही पुतळे आहेत. टेक्ससच्या विधानभवनावरची देवता हात वर करून तारा धरते. वॉशिंग्टनच्या पुतळ्याचे दोन्ही हात खालीच आहेत, एक म्यान केलेल्या तलवारीवर आणि दुसऱ्यात पुष्पचक्र व ढाल. काळी सावली दिसत असली तरी हात वर आहे की नाही हे कळतं. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या पांढऱ्या घुमटावरही आकृती आहे, पंख असलेली विजयदेवता, आणि ती वाऱ्यानं फिरेल अशी बसवलेली आहे. त्यामुळे दोन फोटोंत तिचं तोंड वेगवेगळ्या दिशांना दिसलं तर गोंधळू नका.

कळसाचा एक धोका असा, की तो पडतो, बदलला जातो, दुरुस्तीसाठी उतरवला जातो. दिल्लीच्या हुमायून मकबऱ्याचा कळस मे 2014 मधल्या वादळात कोसळला आणि 2016 मध्ये नवा बसवला गेला. मधल्या काळातल्या फोटोंत तो घुमट बोडकाच दिसतो. म्हणून कळसावरून यादी लहान करायची, निर्णय द्यायचा नाही.

## 3. मान वाचा

घुमट ओळखायचा तर सगळ्यात जास्त वेळ मानेवर घालवा. याचं कारण सोपं आहे. कवचाचा आकार भार आणि बांधकामाच्या पद्धतीनं ठरतो, त्यामुळे वेगवेगळे वास्तुकार साधारण त्याच वळणांवर येतात. मान मात्र उभी भिंत असते. तिथे खिडक्या किती, खांब एकेकटे की जोडीनं, मधले खण उघडे की बंद, हे ज्याचं त्यानं ठरवलेलं असतं.

चार नमुने लक्षात ठेवले तर बरंच काम होतं.

जोडखांब आणि मोठ्या खिडक्या. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्सच्या मानेत 16 खिडक्या आहेत आणि दोन खिडक्यांच्या मधोमध पुढे आलेला जोडखांब आहे. खिडक्यांवरच्या टोप्या आलटूनपालटून त्रिकोणी आणि कमानदार आहेत. जोडखांबाच्या रेषेतच वर कवचावर फासळी चढते, म्हणजे फासळ्याही 16. दोन फासळ्यांमध्ये छोट्या खिडक्यांच्या तीन ओळी एकावर एक दिसतात. मान पूर्ण झाकलेली असली तरी या तीन ओळी दिसल्या की हात सेंट पीटर्सकडे वळायला हरकत नाही.

एकेकट्या खांबांची गोल रांग. लंडनचं सेंट पॉल्स, पॅरिसचं पँथिऑन, सेंट पीटर्सबर्गचं सेंट आयझॅक्स आणि वॉशिंग्टनचं कॅपिटॉल या चौघांच्या मानेभोवती सुट्या खांबांचं कडं आहे. सर्वाधिक चुका याच घराण्यात होतात, म्हणून पूर्ण सोडवलेलं उदाहरणही यातलंच घेतलं आहे.

खांब नाहीत, गोल खिडक्या आहेत. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलची मान अष्टकोनी आहे आणि प्रत्येक बाजूला एक मोठी गोल खिडकी आहे. वर विटकरी कौलांचं कवच आणि पांढऱ्या संगमरवराच्या आठ ठळक फासळ्या. हा घुमट चुकणं कठीण, पण त्याची खरी गंमत पुढे पडताळणीत येईल.

मान जवळजवळ नाहीच. इस्तंबूलच्या आया सोफियाचा घुमट बसका आहे आणि त्याच्या पायाशीच 40 खिडक्यांची माळ आहे. दोन खिडक्यांच्या मध्ये बाहेरून जाड धिरे आहेत. त्यामुळे लांबून घुमटाची खालची कड दातेरी दिसते. शेजारच्या निळ्या मशिदीचा मुख्य घुमट लहान-मोठ्या अर्ध्या घुमटांच्या उतरंडीवर बसलेला आहे. आया सोफियाच्या अंगाला मात्र भल्यामोठ्या आधारभिंती उभ्या आहेत, त्या दिसल्या की शंका राहत नाही.

## 4. मागची बाजू न बघता खांब मोजा

फोटोत गोल कड्याचा निम्माच भाग दिसतो, आणि कडेला खांब एकमेकांत मिसळतात. दिसतील तेवढे मोजून दुप्पट करणं हा सगळ्यांचा पहिला प्रयत्न असतो, आणि उत्तर जवळजवळ नेहमीच कमी येतं. कडेचे तीन-चार खांब एकमेकांमागे दडतात, म्हणून.

त्याऐवजी मधले खांब वापरा. मध्यभागी खांब समोरासमोर दिसतात, तिथलं अंतर फारसं दबलेलं नसतं.

पहिलं काम मधली उभी रेषा काढायचं. लँटर्न किंवा कळस बरोबर या रेषेवर असतो. दुसरं, या रेषेपासून खांबांच्या कड्याच्या बाहेरच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. ही त्रिज्या, तिला R म्हणू. तिसरं, मध्यरेषेजवळच्या दोन शेजारी खांबांच्या मध्यांतलं अंतर मोजा, ते d. मग:

```
N = 6.28 × R ÷ d
```

N म्हणजे पूर्ण कड्यातले खांब. फासळ्या किंवा खिडक्या मोजायच्या असतील तरी हेच सूत्र, फक्त R आणि d एकाच उंचीवर मोजायचे. फासळ्या वर जाताना जवळ येतात आणि त्रिज्याही लहान होते, म्हणून अंतर खालून आणि त्रिज्या वरून घेतली तर आकडा भलताच येतो.

एका खणाचं अंतर मोजण्यात दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे झाले तरी 32 चे 36 होतात. म्हणून मधले चार खण एकत्र मोजा, म्हणजे मधला खांब धरून डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन. त्या चार खणांची एकूण रुंदी R च्या किती पट आहे ते बघा:

- 24 खांब असतील तर 1.00 पट
- 32 असतील तर साधारण 0.77 पट
- 36 असतील तर साधारण 0.68 पट
- 40 असतील तर साधारण 0.62 पट

सेंट आयझॅक्सला 24, सेंट पॉल्स आणि पॅरिसच्या पँथिऑनला 32, आणि कॅपिटॉलला 36 खांब आहेत. म्हणजे चार खणांची रुंदी त्रिज्येएवढीच भरली तर रशियातलं सेंट आयझॅक्स, हे कॅल्क्युलेटरशिवायही कळतं.

दोन ठिकाणी इथे पाय घसरतो. पहिलं, R म्हणून कवचाची त्रिज्या घेतली जाते. खांबांचं कडं कवचापेक्षा रुंद असतं, त्यामुळे R लहान पडतो आणि खांब कमी निघतात. दुसरं, जोडखांबांतला प्रत्येक खांब सुटा मोजला जातो, खरं तर जोडी म्हणजे एक, असं धरायचं. सेंट पीटर्सवर ही चूक केली की अंतरं एक लांब, एक आखूड अशी येतात. अंतरांची अशी लय दिसली की आपण जोडखांब सुटे मोजतोय हे ओळखावं.

## 5. रंगावर विश्वास किती ठेवायचा

शिशाचा पत्रा राखाडी असतो. सेंट पीटर्स आणि सेंट पॉल्स या दोन्ही घुमटांवर शिसं आहे. पण मावळतीच्या उन्हात शिसं पिवळं दिसतं आणि लोक त्याला सोन्याचा घुमट समजतात. अशा वेळी सावलीची बाजू बघा. सोन्याचा मुलामा सावलीतही पिवळसर-तपकिरी राहतो, तर शिसं सावलीत निळसर राखाडी होतं. पॅरिसचा अँव्हालिदचा घुमट, सेंट आयझॅक्स आणि जेरुसलेमचा डोम ऑफ द रॉक हे खरोखर सोन्याच्या मुलाम्याचे आहेत. अँव्हालिदवर तर कवचभर सोनेरी नक्षी आहे, सलग सोनं नाही. फासळ्यांच्या मधल्या पट्ट्यांत गडद शिशाच्या पार्श्वभूमीवर सोनेरी चिन्हं दिसतात.

हिरवट घुमट म्हणजे हवेत मुरलेलं तांबं. इथे रंग खूप उपयोगी पडतो, कारण नकला पकडल्या जातात. माँट्रिअलचं मेरी क्वीन ऑफ द वर्ल्ड कॅथेड्रल सेंट पीटर्सवरूनच बेतलेलं आहे, पण आकारानं बरंच लहान आणि घुमट हिरवा. सेंट पीटर्ससारखी मान आणि हिरवं कवच ही जोडी दिसली तर रोमकडे न जाता कॅनडाकडे जा. पश्चिम आफ्रिकेत यामुसुक्रोलाही सेंट पीटर्सवरून प्रेरणा घेतलेलं भव्य चर्च आहे. ते विसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं असल्यानं त्याच्यावर जुन्या दगडाचे काळे ओघळ नाहीत, आणि भोवती दाट जुनं शहरही नाही.

रंगवलेला घुमट असेल तर सांधे बघा. कॅपिटॉलचा घुमट ओतीव लोखंडाचा आहे आणि त्यावर पांढरा रंग दिलेला आहे. 1855 ते 1866 या काळात तो उभा राहिला. पूर्ण मोठ्या फोटोत बघितलं तर दगडाच्या ओळींचे आडवे-उभे सांधे दिसत नाहीत, सगळा पृष्ठभाग एकसंध दिसतो. जुन्या दगडी मानेवर पावसाच्या पाण्याचे डाग आणि सांध्यांची जाळी असते.

## 6. एक उदाहरण पूर्ण सोडवून

समजा असा फोटो आहे. ढगाळ संध्याकाळ. उजवीकडचा एक चतुर्थांश घुमट समोरच्या इमारतीनं झाकलेला. वरचं टोक चौकटीबाहेर गेलेलं, म्हणून कळस दिसत नाही, फक्त लँटर्नचा खालचा भाग दिसतो. कवच राखाडी, त्यावर बारीक उभ्या फासळ्या. कवचाखाली लहान चौकोनी खिडक्यांचा पट्टा, त्याच्या खाली कठडा, आणि कठड्याखाली सुट्या खांबांचं कडं.

आधी लिहायचं: कळस दिसत नाही. म्हणजे क्रॉस की पुतळा हा प्रश्न उघडा ठेवायचा.

खांब एकेकटे आहेत, जोडीनं नाहीत. सेंट पीटर्स गेलं. खांबांचं कडं आहे, म्हणून फ्लॉरेन्स आणि आया सोफियाही गेले. उरले लंडन, पॅरिस, सेंट पीटर्सबर्ग आणि वॉशिंग्टन.

आता मोजणी. उजवी कड झाकलेली आहे, म्हणून लँटर्नच्या मध्यातून खाली रेषा ओढायची आणि डाव्या कडेपर्यंतच मोजायचं. समजा ते 400 पिक्सेल आले. मध्यरेषेजवळचे चार खण मिळून 306 पिक्सेल आले. 306 भागिले 400 म्हणजे 0.765. यादीत ते 32 खांबांशी जुळतं. कॅपिटॉल असतं तर चार खण 274 पिक्सेलच्या आसपास भरले असते, आणि सेंट आयझॅक्स असतं तर 400. तीस पिक्सेलचा फरक मोजणीच्या चुकीत बसत नाही, त्यामुळे ते दोघंही बाद.

राहिले लंडन आणि पॅरिस. आता आकडे बाजूला ठेवून खांबांमधल्या जागा बघायच्या. सेंट पॉल्समध्ये कड्याच्या खणांपैकी दर चौथा खण दगडानं बुजवलेला आहे आणि त्यात कोनाडा आहे. म्हणजे तीन खण उघडे आणि काळोखे, मग एक भरीव आणि उजळ, पुन्हा तीन उघडे. पूर्ण वर्तुळात असे आठ भरीव खण येतात. हे सजावटीसाठी नाही. वर जड दगडी लँटर्न आहे, आणि त्या भारानं मान बाहेर फाकू नये म्हणून हे भरीव खण धिऱ्याचं काम करतात. पँथिऑनच्या कड्यात बुजवलेल्या खणांची ही ठरावीक लय दिसत नाही, आणि त्याच्या वरच्या पट्ट्यात चौकोनी नाही तर कमानदार खिडक्या आहेत.

आपल्या फोटोत तीन काळे खण, एक उजळ खण अशी लय दिसते आणि वरच्या खिडक्या चौकोनी आहेत. उत्तर: लंडनचं सेंट पॉल्स. कळस न बघता मिळालेलं हे उत्तर, "राखाडी घुमट, ढगाळ हवा, म्हणजे लंडन" या अंदाजापेक्षा कितीतरी भक्कम आहे. तेव्हा तो अंदाजही बरोबर निघाला असता, ही गोष्ट वेगळी.

फोटो अंधुक असेल तर पिक्सेल मोजण्याआधी ही भरीव-उघडी लयच शोधा. ती बरीच लहान प्रत असली तरी टिकते, कारण उजेड-अंधाराचा फरक मोठा असतो.

## 7. पांढऱ्या, फुगीर घुमटांना वेगळं माप

मुघल परंपरेतल्या घुमटांवर वरची मोजणी चालत नाही, कारण मान साधी नळकांड्यासारखी असते, मोजायला खांबच नसतात. इथे दोन गोष्टी बघायच्या: कवच मानेबाहेर किती फुगतं, आणि आजूबाजूला काय उभं आहे.

हुमायून मकबऱ्याचा घुमट (1570च्या आसपासचा) मानेपासून फारसा बाहेर येत नाही आणि त्याच्या खालची इमारत लाल दगडाची आहे. फोटोच्या खालच्या कडेला लाल रंगाची बारीक पट्टी दिसली तरी ताजमहाल रद्द. ताजमहालात कवच मानेच्या वर स्पष्ट फुगतं, सर्वांत रुंद जागा पायथ्यापासून थोडी वर येते. मान आणि कवच मिळतात तिथे जडावकामाचा पट्टा आहे आणि माथ्यावर उलट्या कमळाच्या पाकळ्या. घुमटाभोवती चार छत्र्या आहेत, त्यांच्या खांबांमधून आरपार आकाश दिसतं.

खरा गोंधळ ताजमहाल आणि छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचा होतो, कारण दुसरी इमारत पहिलीवरूनच बेतलेली आहे. रंग दोन्हीकडे पांढरा. फरक प्रमाणात आहे. बीबी का मकबऱ्यात सगळं अरुंद आणि उभट आहे, आणि घुमटाच्या शेजारचे बारीक मनोरे त्याच्या अंगाला दाटीनं येतात, त्यामुळे घुमटाच्या कापलेल्या फोटोतही कडेला काहीतरी उभं डोकावतं. ताजमहालात घुमट आणि छत्र्यांना श्वास घ्यायला जागा आहे. दुसरी खूण साहित्याची. बीबी का मकबऱ्याचा घुमट संगमरवराचा असला तरी त्याखालच्या भिंतींचा मोठा भाग चुन्याच्या गिलाव्याचा आहे. घुमट एका छटेचा आणि त्याखालची भिंत जरा मळकट, वेगळ्या छटेची दिसली तर तिकडे झुका. ताजमहालात घुमट आणि भिंत एकाच दगडाची असल्यानं अशी सीमारेषा पडत नाही.

विजापूरचा गोल घुमट या घराण्यात चुकून टाकला जातो. तो फुगीर नाही, अर्धगोलाकडे झुकणारा आहे, आणि त्याच्या पायथ्याला मोठ्या पाकळ्यांची रांग आहे. कोपऱ्यांवर सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत, त्यांच्या डोक्यावरही छोटे घुमट. पाकळ्या आणि एक छोटा घुमट एवढं दिसलं तरी पुरे.

## 8. फोटो कुठून काढला हे आधी समजून घ्या

जवळून, खालून काढलेल्या फोटोत घुमट प्रत्यक्षापेक्षा बसका दिसतो आणि मान कापली जाते. सेंट पीटर्सचं हे जाहीर दुखणं आहे. चर्चचा सभागृहभाग नंतर पुढे वाढवला गेला, त्यामुळे समोरच्या चौकातून जवळ गेलं की दर्शनी भिंतीमागे मान बुडते आणि कवचाचाच भाग उरतो. अशा वेळी मानेची वाट न बघता कवचावरच्या फासळ्या आणि छोट्या खिडक्यांच्या तीन ओळींवर जा.

लांबच्या भिंगानं काढलेल्या फोटोत उलट होतं. मैलभर मागचा मनोरा घुमटाला चिकटून उभा दिसतो. म्हणून शेजारी दिसणारं काहीही त्याच इमारतीचा भाग आहे असं गृहीत धरू नका. दोघांवरचं धुकं सारखं आहे का बघा. मागची वस्तू नेहमी थोडी फिकट आणि निळसर असते.

## 9. उत्तर तपासा: फोटो उलटा आहे का, आणि कुठल्या वर्षीचा

नाव मिळालं की त्रिमितीय नकाशात ती इमारत उघडा आणि फोटोतल्या कोनात फिरवा. समोरच्या इमारतींची छपरं त्याच जागी बसली तर काम झालं. बसत नसतील तर फोटो आरशातल्यासारखा उलटलेला असू शकतो. गोल घुमट डावी-उजवीकडे सारखाच दिसतो, त्यामुळे उलटा फोटो घुमटावरून लक्षात येत नाही. तिथे असमान खूण शोधावी लागते.

फ्लॉरेन्सचा घुमट इथे सगळ्यात प्रामाणिक आहे. कवचाच्या पायथ्याशी संगमरवरी सज्जा बांधायला घेतला होता, पण तो आठांपैकी एकाच बाजूला, आग्नेयेला, पूर्ण झाला. उरलेल्या बाजूंवर ओबडधोबड दगड तसाच उघडा आहे. सज्जा असलेली बाजू दिसली की फोटो आग्नेयेकडून काढलेला आहे हे ठरतं, आणि तो डावीकडे की उजवीकडे सरकलाय यावरून उलट-सुलटही कळतं. आया सोफियाला चार मिनार असले तरी ते एकसारखे नाहीत, एक विटांचा लालसर आहे. त्याची जागा नकाशाशी पडताळा. कॅपिटॉलवरच्या पुतळ्याचं तोंड पूर्वेला आहे, म्हणून चेहरा दिसला तर पूर्व बाजू आणि पाठ दिसली तर पश्चिम.

वर्ष ठरवायचं असेल तर दुरुस्तीच्या खुणा कामाला येतात. कॅपिटॉलच्या घुमटाला 2014 ते 2016 दरम्यान परांची बांधलेली होती. हुमायून मकबऱ्याचा हरवलेला कळस वर आलाच आहे. अँव्हालिदचा मुलामा 1989 मध्ये नव्यानं चढवला गेला, त्याआधीच्या रंगीत फोटोत तो मंद दिसला तर इमारतीवर शंका घेऊ नका.

सगळं करूनही दोन नावं उरली तर दोन्ही लिहा, आणि त्यांच्यापैकी एक कशानं बाद होईल तेही लिहा: "मानेचा खालचा भाग दिसला आणि दर चौथा खण भरीव असेल तर लंडन, नसेल तर पॅरिस." मूळ फोटो ज्याच्याकडे आहे तो मग चौकट थोडी खाली सरकवून तेवढाच भाग पाठवू शकतो.